कथा: 'डावा अंगठा'. भावांची हरकत टिकेल का?

केतकी_मा
मंडळी, एक लघुकथा लिहून झालीय. सगळी इथे टाकत नाही, बारा पानं आहेत, पण गोष्ट सांगते आणि मग माझा प्रश्न.

साताऱ्यातल्या एका पेठेतलं जुनं दुमजली घर. वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं, ते १९९८ ला अचानक गेले. मुलं तीन. थोरला पुण्यात कंपनीत, धाकटा नाशिकला, आणि मधली शुभा, लग्न न झालेली, बालवाडीत शिकवणारी. आईला अर्धांगवायूचा झटका येतो, उजवी बाजू जाते, बोलणंही जातं, म्हणजे "हं", "नको" आणि देवाचं नाव एवढंच येतं. शुभा नोकरी सोडते. तीन वर्षं कूस बदलणं, हवेची गादी, नळीतून पेज, रात्री दोनला उठून बघणं, सगळं तीच करते. भाऊ गणपतीला येतात, पैसे पाठवतात, फोनवर "आईला दे" म्हणतात आणि आई नुसती श्वास घेते.

शेवटच्या वर्षी आई खुणा करून शुभाला कपाट उघडायला लावते, घराचे कागद काढायला लावते आणि शुभाच्या छातीवर बोट ठेवते. शुभा शेजारच्या गल्लीतल्या अण्णांना बोलावते, ते मामलेदार कचेरीतून रिटायर झालेले. अण्णा साध्या कागदावर मृत्युपत्र लिहितात, "माझे राहते घर माझी मुलगी शुभा हिस देत आहे, तिने माझी सेवा केली", वाचून दाखवतात, आई डावा अंगठा उठवते. डॉक्टर रोजच्या व्हिजिटला आलेले असतात, ते तिथेच सही करतात. दुसरी साक्ष शेजारच्या काकूंची. त्या स्वयंपाकात असतात म्हणून कागद संध्याकाळी त्यांच्याकडे जातो, त्या पोळ्या आटोपून सही करून परत पाठवतात.

तेराव्याला जेवणं झाल्यावर शुभा कागद पुढे ठेवते. थोरला वाचतो, धाकट्याला देतो आणि म्हणतो, "आई बोलत नव्हती. हे कोण बोललं मग?" इथे कथा संपते.

प्रश्न दोन. शेवट अर्धवट वाटतो का? आणि खऱ्या आयुष्यात भावांची हरकत टिकली असती का? दुसरा भाग लिहायचा विचार आहे म्हणून विचारतेय.

भोपळा_टुणुक
टिकते कशाला! तीन वर्षं गणपतीला येऊन मोदक खाणाऱ्यांनी बोलूच नये.

वाचकमात्र
शेवट आवडला. फक्त "तिने माझी सेवा केली" हे वाक्य मृत्युपत्रात नको होतं, ते लेखिकेने वाचकाला सांगितल्यासारखं वाटतं.

केतकी_मा
@वाचकमात्र, अहो कचेरीतला माणूस असंच लिहितो. उलट कारण लिहून ठेवलं की बरं पडतं असं ऐकलंय. जाणकार सांगतील.

रस्त्यावरचा_दिवा
मृत्युपत्र रजिस्टर केलेलं नाही, स्टॅम्प पेपरवर नाही, नोटरी नाही. म्हणजे शून्य. कचऱ्यात. भाऊ जिंकले, दुसरा भाग लिहायची गरजच नाही. शिवाय प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, लागेल ते वेगळंच.

दिवाणी_काका
दिवासाहेब, चारही मुद्दे थांबवा जरा. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, १९०८ च्या नोंदणी कायद्यात मृत्युपत्र ऐच्छिक यादीत आहे. नोटरीचा शिक्का दोन साक्षीदारांची जागा घेत नाही, लोक फार फसतात त्यात. आणि प्रोबेटची सक्ती असायची ती मुंबई शहरासारख्या ठिकाणी, साताऱ्यातल्या घराला ती कधीच नव्हती. साध्या फुलस्केपवर पेन्सिलीने लिहिलेलंसुद्धा चालतं, फक्त ते सिद्ध करता आलं पाहिजे. तिथेच सगळी मारामारी.

केतकीताई, कारण लिहिलं ते योग्यच. आई दोन मुलांना वगळते आहे, तर का वगळते हे कागदावर असलं की न्यायाधीशाला ते अनैसर्गिक वाटत नाही.

पण तुमच्या कथेत एक फार मोठं भोक आहे आणि ते भावांना दिसलेलंच नाही. ते "आई बोलत नव्हती" करत बसलेत. बघा कोणाला सापडतंय का, मी संध्याकाळी येतो. तारीख आहे आज.

भोपळा_टुणुक
काका सस्पेन्स टाकून पळाले. तारीख पे तारीख इथेही.

मंदाकिनी५८
मी वाचून खूप वेळ बसून राहिले. पण मला वेगळंच म्हणायचंय, राग येऊ देऊ नका. कथा मुलीची असली की सगळ्यांचे डोळे भरतात. मी माझ्या सासूबाईंचं सहा वर्षं केलं, त्यांना विसरायला व्हायचं, मला कधी "बाई तू कोण" म्हणायच्या आणि माझ्या दोन्ही नणंदा उन्हाळ्यात आठ दिवस येऊन आईचे केस विंचरून रडून जायच्या. सासूबाई गेल्यावर पाटल्या आणि मोहनमाळ नणंदांकडे गेली, "आईचं मुलींना" म्हणून. मला काही नको होतं हो, खरंच नको होतं, पण कोणी एका शब्दाने विचारलंही नाही. नवरा जिवंत असलेल्या सुनेला सासूच्या इस्टेटीत कायद्याने कवडी नाही. तुमच्या कथेत थोरल्याची बायको आहे का? ती काय करत होती ते लिहा. ती वाईटच असेल असं धरून चालू नका.

केतकी_मा
मंदाकिनीताई, राग कसला. थोरल्याची बायको आहे, तेराव्याला ती ताटं उचलत असते आणि कागद वाचला जात असताना एकटी तीच शुभाकडे बघते. तेवढंच आहे. वाढवायला हवं असं आता वाटतंय.

धाकटी_पाती
मी दूर राहणारा भाऊ आहे. खरा. म्हणून दोन शब्द.

आमच्याकडे बहीण आईजवळ होती, मी बंगळूरला. दर महिन्याला पैसे, हॉस्पिटलचं बिल मी भरलं, ब्यूरोची बाई लावली तर बहिणीनेच तिला काढून टाकलं, म्हणाली हिच्या हातचं आई खात नाही. वरच्या मजल्याचं भाडं बहीण घ्यायची, हिशेब कधी मागितला नाही. आणि आई गेल्यावर नातेवाईक मला असं बघायचे की मीच काहीतरी केलंय. आईने घर बहिणीला दिलं असतं तर मी हरकत घेतली नसती, पण मला न सांगता, मी नसताना, तिनेच बोलावलेल्या माणसाकडून लिहून घेतलं असतं तर डोक्यात किडा वळवळलाच असता. थोरल्याचा प्रश्न मला हावरट वाटत नाही. "हे कोण बोललं" हा प्रश्न मलाही पडला असता.

भोपळा_टुणुक
@धाकटी_पाती फोनवरून पडला असता की गणपतीत?

धाकटी_पाती
हसा. रजा किती मिळते ते आयटीवाल्यांना विचारा.

फिजिओ_अनु
मी घरी जाऊन फिजिओ देते, असे पेशंट रोजचे. केतकीताईंनी उजवी बाजू आणि बोलणं एकत्र गेलेलं दाखवलंय ते बरोबर आहे. उजवी बाजू जाते तेव्हा मार डाव्या मेंदूला असतो आणि बहुतेकांचं भाषेचं केंद्र तिथेच असतं. पण बोलता न येणं आणि न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींना सगळं कळतं, शब्द फक्त बाहेर येत नाहीत. काहींना समोरच्याचं बोलणंही नीट कळत नाही आणि घरच्यांना मात्र वाटतं की कळतंय, कारण पेशंट मान डोलावतो, हसतो, सुरात हं म्हणतो.

हे ओळखायचं कसं तर उलटसुलट प्रश्न विचारून. "तुमचं नाव शुभा का?" असं आईला विचारायचं, "नको" यायला हवं. "आत्ता रात्र आहे का?" ज्याला प्रत्येक प्रश्नाला "हं" येतं त्याच्या "हं"ला अर्थ नाही. कथेत आईकडे "नको" हा शब्द आहे, फार मोठी गोष्ट आहे ती! अण्णांनी वाचून दाखवल्यावर डॉक्टरांनी "घर थोरल्याला द्यायचं का?" असं विचारलं असतं आणि आई "नको" म्हणाली असती, आणि हे डॉक्टरांनी तारीख घालून दोन ओळीत लिहून ठेवलं असतं, तर थोरल्याच्या प्रश्नाला तिथेच उत्तर होतं. नुसतं "पेशंट शुद्धीत आहे" असं सर्टिफिकेट सगळे देतात, त्यातून काही कळत नाही.

वाचकमात्र
अनु, हे वाचून काटा आला. कथेत तो एक "नको" हवाच.

पेन्शनर_नागपूर
चांगला विषय घेतला. माझा प्रश्न असा की माझ्या मुदत ठेवीवर मुलीचं नॉमिनेशन आहे, मुलगा म्हणतो त्याने काही होत नाही. मृत्युपत्र करावं की नॉमिनेशन पुरेसं आहे? बँक एकच आहे. गुडघ्यामुळे चालवत नाही.

रस्त्यावरचा_दिवा
आजोबा, इथे कथा चालू आहे 😀 पण नॉमिनी म्हणजे मालक, मुलीला मिळतील पैसे, झोपा निवांत.

दिवाणी_काका
आलो. आधी नागपूरकर, मुलगा बरोबर सांगतोय. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते, पण तो वारसांच्या वतीने घेतो, त्याचे होत नाहीत. शेअर्सबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. मुलीलाच द्यायचे असतील तर एका कागदावर तसं लिहा, दोन धडधाकट आणि तुमच्याहून तरुण साक्षीदार बोलवा. गुडघ्याची अडचण नाही, घरी करा. मुलीला मात्र त्या वेळी बाहेर चहा करायला पाठवा, ते का ते पुढे येईल.

आता कथा. भोक कोणालाच सापडलं नाही? पोळ्या!

काकूंनी सही स्वतःच्या घरी केली. साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सही करायची असते. १९२५ च्या वारसा कायद्याचं कलम ६३. दोन्ही साक्षीदार एका वेळी हजर असायला हवेत असं नाही, एक सकाळी एक संध्याकाळी चालेल, अंगठा उठवताना पाहिलं नसेल तर आईने "हो, माझाच अंगठा" अशी खूण त्या साक्षीदारापाशी केली तरी चालेल. पण साक्षीदार सही करतो तेव्हा आई समोर पाहिजे. काकू कागद घेऊन दहा पावलं चालून आईच्या खोलीत आल्या असत्या तर संपलं होतं. त्या आल्या नाहीत. म्हणजे धड साक्षीदार एकच, डॉक्टर. आणि एका साक्षीदारावर मृत्युपत्र उभं राहत नाही.

केतकी_मा
😳 काका, ते वाक्य घरगुतीपणा यावा म्हणून आलं होतं. आता ते काढणार नाही, उलट तेच कथेचा कणा होतंय.

भोपळा_टुणुक
पोळ्यांनी घर घालवलं. काकूंना सांगू नका, झोप लागायची नाही.

रस्त्यावरचा_दिवा
म्हणजे मी म्हटलं तेच झालं ना, शून्य.

दिवाणी_काका
तुम्ही म्हटलंत तेच झालं, कारणं सगळी वेगळी. पण थांबा, अजून शून्य नाही. अण्णा आहेत ना. अण्णांनी खाली सही केली का?

केतकी_मा
केलीय. "लिहिणार" म्हणून, हस्ताक्षर खुद्द.

दिवाणी_काका
मग वकिलाला खेळायला जागा आहे. लिहिणारा हा आपोआप साक्षीदार होत नाही, तो "मी लिहिलं" म्हणून सही करतो, "मी अंगठा उठवताना पाहिलं" म्हणून नाही. पण अण्णांनी आईला अंगठा उठवताना पाहिलं, आईच्या समोर सही केली, आणि सही करताना साक्ष द्यायचाही त्यांचा हेतू होता, असं कोर्टाला पटलं तर त्यांना साक्षीदार धरता येतं. तो हेतू अण्णांच्या तोंडून यायला लागतो. उलटतपासात भावांचा वकील विचारणार, "तुम्ही कचेरीत तीस वर्षं काढलीत, साक्षीदाराची सही कुठे करतात ठाऊक होतं ना, मग 'लिहिणार' याच शब्दाखाली का केली?" यावर अण्णा काय बोलतात त्यावर घर. काही न्यायाधीश मान्य करतील, काही नाही करणार. मी पैज लावणार नाही.

दुसरं म्हणजे भावांचा जो प्रश्न आहे तो इथे येतो. मृत्युपत्र ज्याच्या फायद्याचं आहे त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल तर कोर्टाला संशय येतो, आणि तो संशय त्यानेच दूर करायचा असतो. १९५९ चा वेंकटाचल अय्यंगार निकाल, आजही तोच लावतात. शुभाने अण्णांना बोलावलं, कपाट शुभाने उघडलं, कागद काकूंकडे शुभानेच पाठवला, आणि घर शुभाला. आता सांगा, तीन वर्षं घरात दुसरं कोणी नव्हतंच तर बोलावणार कोण? जिने सेवा केली तीच सतत शेजारी, आणि ती शेजारी होती हाच तिच्याविरुद्धचा मुद्दा. मी अशा दोन बायकांच्या बाजूने उभा राहिलोय. दोघींना हे समजावताना तोंडातून शब्द निघत नव्हता.

मंदाकिनी५८
म्हणजे करावं कोणी?

फिजिओ_अनु
माझ्या पेशंटच्या घरी एकदा हेच बघितलं. मुलीने मुद्दाम भावालाच फोन करून सांगितलं, आईला काहीतरी लिहायचंय, तू ये आणि तूच माणूस बोलाव. भाऊ आला, रडला, आणि लिहायचं राहूनच गेलं.

धाकटी_पाती
काका, मग मृत्युपत्रच कशाला, आईने जिवंतपणी बक्षीसपत्र का नाही केलं? मुलीला राहतं घर दिलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी दोनशे रुपये आहे.

दिवाणी_काका
स्टॅम्प दोनशे, पण नोंदणी सक्तीची, बाकीचे खर्च वेगळे. आणि आई अंथरुणाला, तर दुय्यम निबंधकाला घरी बोलवायचा अर्ज करावा लागतो, ते येतात. तो अधिकारी आईला स्वतः प्रश्न विचारतो म्हणून कागद भक्कम होतो. पण जिवंतपणी घर लिहून दिलेल्या किती आयांना नंतर देवघराशेजारच्या खोलीत हलवलं ते मी पाहिलंय. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळ करायच्या अटीवर दिलेलं बक्षीस रद्द करून घेता येतं, ती अट कागदात लिहिलेली असावी म्हणजे भांडण कमी. शुभा तशी नाही हे लेखिकेला ठाऊक आहे, आईला आधी कसं ठाऊक असणार.

वाचकमात्र
एक विचारू का? घर आईचंच होतं का? वडिलांनी घेतलं होतं असं पहिल्याच ओळीत आहे.

दिवाणी_काका
शाबास! मी हे उद्यासाठी राखून ठेवलं होतं. केतकीताई, वडील गेल्यावर कागदोपत्री काय झालं?

केतकी_मा
माझ्या डोक्यात असं की १९९८ ला तिन्ही मुलांनी सिटी सर्व्हेत जबाब दिले, आईचं एकटीचं नाव लावा म्हणून. प्रॉपर्टी कार्डावर आई.

दिवाणी_काका
जबाब देऊन हक्क जात नाही. त्यासाठी नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. कार्डावर नाव कोणाचं हा कर वसुलीचा मामला, मालकी त्याने ठरत नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले, घर त्यांचं स्वकष्टार्जित, म्हणजे त्याच दिवशी आई, दोन मुलगे, मुलगी अशा चौघांचे चार चार आणे झाले. आईला घर देताच येत नव्हतं. तिला तिचे चार आणे देता येत होते.

आता हिशेब बघा. मृत्युपत्र टिकलं तर शुभाचे स्वतःचे चार आणि आईचे चार, आठ आणे, भावांचे चार चार. मृत्युपत्र पडलं तर आईचे चार आणे तिघांत, प्रत्येकाला सोळातले पाच आणे चार पै, बरोबर तिसरा हिस्सा. म्हणजे भाऊ कोर्टात लढणार आहेत ते प्रत्येकी एक आणा चार पैसाठी, घरासाठी नाही. आणि शुभाचा जो समज आहे की सगळं घर आपलं झालं, तो समज अण्णांनी उत्तम साक्ष दिली तरी तुटणार आहे.

भोपळा_टुणुक
काका, पै म्हणजे काय ते नातवंडांना कोण सांगणार. पण एक आणा चार पैसाठी दहा वर्षं दावा, हे मात्र अस्सल सातारी आहे.

धाकटी_पाती
एक आणा नाही हो, थोरल्याचं पैशाचं नाहीच आहे. आईने आपलं नाव घेतलं नाही हे त्याला सहन होत नाहीये. केतकीताई, तसं असेल तर थोरल्याला हा हिशेब कळल्यावरसुद्धा तो हरकत मागे घेणार नाही, बघा.

मंदाकिनी५८
हे पटलं. आमच्या नणंदांनाही मोहनमाळ घालायची नव्हतीच, ती आजही लॉकरमध्ये आहे.

रस्त्यावरचा_दिवा
मग शुभा नाव लावायला सिटी सर्व्हेत गेली की काय होईल? भावांनी तिथेच हरकत घेतली तर?

दिवाणी_काका
हरकत आली की अधिकारी दोन्ही बाजू ऐकणार आणि म्हणणार, मृत्युपत्र खरं की खोटं हे ठरवायचा अधिकार मला नाही, दिवाणी कोर्टात जा. भाऊ वाटपाचा दावा लावतील, शुभा उत्तरात मृत्युपत्र पुढे करेल, मग ते सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर. तिने रोजच्या औषधांची वही ठेवली असेल, अशा बायका ठेवतात, तर सेवा सिद्ध होईल. सेवेबद्दल वाद कोणाचाच नाही, म्हणून वही फारशी कामाची नाही. डॉक्टर परगावी गेले नसतील तर ते येतील, दहा मिनिटं घड्याळ बघत साक्ष देतील. राहता राहिले अण्णा.

वाचकमात्र
केतकी, अण्णांचं वय काय धरलंय?

केतकी_मा
ऐंशीच्या पुढे. आणि एक गोष्ट मी इथे सांगितली नव्हती, पहिल्या भागात तिसऱ्या पानावर आहे. थोरल्याची कॉलेजची फी एका वर्षी अण्णांनी भरली होती. थोरला आजही त्यांना वाकून नमस्कार करतो. दुसरा भाग अण्णांना समन्स येतं तिथून सुरू करते.

धाकटी_पाती
मग ते कोणाच्या बाजूने बोलणार?

केतकी_मा
मलाच ठरवता येत नाहीये. खरं तेवढंच बोलायचं ठरवलं तरी, "लिहिणार" खाली सही करताना मनात काय होतं हे इतक्या वर्षांनी त्यांना तरी आठवेल का.

दिवाणी_काका
लिहा तसंच. फक्त समन्स बेलिफ घेऊन येतो असं दाखवा, आणि अण्णा त्याला आधी चहा विचारतात. कचेरीतला माणूस आहे, बेलिफाला ओळखत असणार.